गोड बोलण्याआधी

संक्रांतीच्या सकाळी माझा फोन आंघोळ होईपर्यंत दमून जातो. पतंग, हलवा, लाडवांनी भरलेली ताटली, त्यावर तिरप्या अक्षरांत 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला'. एकच चित्र चार जणांकडून येतं, आणि त्यातला एकजण तर मीच आदल्या रात्री ज्याला पाठवलेलं असतं तो असतो. मी या प्रकाराला नावं ठेवणार नाही. मीही हेच करते. सत्तरी उलटली तरी अंगठा चांगला चालतो माझा!

पण २०२५ च्या संक्रांतीला एक निरोप पाठवायला मला पाऊण तास लागला. सहा-सात ओळींचा निरोप. पस्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, मायना कुठे आणि समाप्ती कुठे ते फळ्यावर आखून दाखवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तीन मसुदे खोडले. त्या तीन मसुद्यांबद्दलच आज लिहायचं आहे. कारण तिळगुळाच्या निरोपाने भांडण मिटतं असं आपण सहज म्हणतो. मिटतं, पण कुठल्याही निरोपाने मिटत नाही.

आधी भांडण सांगते. ते ऐकायला अगदी क्षुल्लक आहे.

आम्ही साताऱ्यात एका जुन्या सोसायटीत राहतो. आम्ही म्हणजे मी एकटीच आता. मी पहिल्या मजल्यावर आणि माझ्या बरोबर डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब. नवरा, बायको आणि आठवीतला मुलगा. तिचं नाव इथे लिहीत नाही, 'वरची' म्हणते. वरची माझ्या मुलीच्या वयाची. २०२१ मध्ये मला करोना झाला तेव्हा चौदा दिवस हिने दोन वेळचा डबा माझ्या दारात ठेवला. माझ्या घराची जादा किल्ली हिच्याकडे खिळ्याला टांगलेली असते. मुलगा इंग्रजी माध्यमाचा, मराठीला घाबरणारा, म्हणून रोज संध्याकाळी माझ्याकडे धडा वाचायला येतो. तर असा घरोबा.

२०२४ च्या दिवाळीआधी बारा-तेरा दिवस मी चकलीच्या भाजणीचं धान्य धुऊन गॅलरीत पंचावर पसरलं होतं. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडी मुगाची. सावलीत दोन दिवस सुकवायचं आणि मग मंद भाजायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी धान्य खुळखुळायला लागलं होतं, आणि वरून भस्सकन पाणी आलं. नुसतं नाही, साबणाचं. वरची दिवाळीची गॅलरी धूत होती.

मी जिन्यातून वर गेले. दार मुलानेच उघडलं. त्याच्यादेखत मी त्याच्या आईला म्हणाले, "शिकल्यासवरल्या माणसांना एवढंही कळू नये?" ती म्हणाली, "काकू, ही शाळा नाहीये." झालं. मी खाली आले.

इथेच थांबले असते तर दोन दिवसांत सगळं विरलं असतं. पण मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'वरच्या मजल्यांवरील काही रहिवाशांनी खाली माणसे राहतात याचे भान ठेवावे ही नम्र विनंती.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. नावही नव्हतं. पण माझ्या वर घर एकच आहे हे सगळ्या सोसायटीला माहीत. सात जणांनी अंगठे दिले. मला त्या अंगठ्यांचा आनंद झाला होता, हेही कबूल करते.

त्या संध्याकाळपासून मुलगा धडा वाचायला आला नाही.

दिवाळी गेली. जिन्यात भेट झाली की दोघींनाही एकदम पिशवीतली भाजी बघावीशी वाटायची. डिसेंबरात एकदा मी कचरा ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार ओढलं गेलं. किल्ली आत. दुसरी किल्ली वीस पायऱ्यांवर, तिच्या खिळ्याला. आणि मी काय केलं? खाली वॉचमनच्या खुर्चीत दीड तास बसले, किल्लीवाला येईपर्यंत. अंगावर शाल नाही, पायात घरातल्या सपाता. त्या दीड तासात मला पहिल्यांदा भीती वाटली. रात्री-बेरात्री पडले-बिडले तर दार कोण उघडणार? भांडण भाजणीचं होतं, पण पणाला माझं म्हातारपण लागलं होतं.

तरी मी वर गेले नाही. कारण मनात एक पक्का हिशेब होता, मी मोठी, तिने यायला हवं.

हा हिशेब मला कुणी शिकवला? संक्रांतीनेच. लहानपणी आमच्या वाड्यात संक्रांतीच्या संध्याकाळी आम्हा पोरांच्या हातात हलव्याची डबी देऊन दारोदार पाठवत. लहानांनी मोठ्यांकडे जायचं, तिळगूळ द्यायचा, नमस्कार करायचा. मोठे आमच्या तळहातावर त्यांचा तिळगूळ ठेवायचे. क्रम ठरलेला होता. मोठ्यांनी घरी बसायचं, लहानांनी यायचं.

पण आता मागे वळून बघताना त्या पद्धतीतली एक गोष्ट लक्षात येते, जी तेव्हा कळली नव्हती. वाड्यात नळ एक आणि बिऱ्हाडं सात. बायकांची भांडणं रोजची, अबोले महिना-महिना चालायचे. आणि संक्रांतीला आई मला मुद्दाम सांगायची, "आधी त्या समोरच्यांकडे जा." मी जायची. समोरच्या काकू डबीतला हलवा घ्यायच्या, माझ्या हातावर लाडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आईला सांग, चांगला काटा आलाय हलव्याला." एवढंच. कुणी कुणाची माफी मागितली नाही, विषय निघाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी नळावर बोलणं सुरू. मूल हातात डबी घेऊन आलं म्हणजे त्याला परत कोण पाठवणार? दोन्ही बायकांचा मान राहायचा, कारण दोघींपैकी कुणीच उंबरा ओलांडलेला नसायचा.

म्हणजे लहान मूल हे त्या पद्धतीतलं खरं पाकीट होतं. निरोप आत, पाकीट वर, आणि पाकिटावर कुणी रागावत नाही.

पुढे आम्ही तिळगूळ टपालानेही पाठवायचो. छोटं भेटकार्ड, आत कागदाच्या पुडीत चार दाणे हलव्याचे. पोचेपर्यंत त्याचा भुगा व्हायचा, पण कार्डावर दोन ओळी आपल्या हाताने लिहाव्या लागायच्या. मायना लिहिताना माणसाचं नाव लिहावंच लागायचं, आणि नाव लिहिलं की तो माणूस डोळ्यांपुढे यायचा. फोनवरच्या चित्रात नेमकं हेच नाही. १४ जानेवारीच्या सकाळी वरचीकडूनही मला एक चित्र आलं होतं. पतंगाचं. क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना ते गेलं असणार, त्यात गॅसवालाही असेल. तो तिळगूळ मला दिलेला नव्हता, वाटेत माझंही घर लागलं इतकंच. मी जर त्याला हात जोडलेलं चिन्ह पाठवलं असतं तर दोघींनाही वाटलं असतं की झालं काम, आणि झालं काहीच नसतं.

म्हणून मी चष्मा लावून बसले. पहिला मसुदा असा होता.

'झालं गेलं विसरून जा. तिळगूळ घे, गोड बोल.'

वाचला आणि मलाच तो खटकला. विसरून जा हे कोण सांगतंय? जिने ग्रुपवर लिहिलं ती. ज्याला लागलंय त्याने विसरायचं की नाही ते ठरवावं. लावणाऱ्याने विसरायचा हुकूम सोडणं म्हणजे पुन्हा मास्तरकीच. शिवाय भांडणानंतर 'गोड बोल' याचा अर्थ 'तू कडू बोललीस' असाही होतो. एरवी किती निरुपद्रवी वाक्य आहे ते! पण ते कधी म्हणायचं याला फार महत्त्व आहे.

दुसरा मसुदा, 'माझं काही चुकलं असेल तर माफ कर.'

हे वाक्य आपण सगळेच वापरतो, लग्नपत्रिकेपासून निरोपसमारंभापर्यंत. पण यातला 'तर' बघा. 'असेल तर' म्हटलं की चूक झाली की नाही हे अजून ठरायचं आहे असा अर्थ होतो. म्हणजे ती माफी राहत नाही, चौकशी समिती होते. समोरच्याने आता सिद्ध करायचं की हो काकू, तुमचं चुकलं होतं. कोण करेल?

तिसरा मसुदा मला बराच आवडला होता. 'त्या दिवशी माझ्याकडून चार शब्द जास्त बोलले गेले.'

मग माझ्यातली व्याकरणाची बाई जागी झाली. हा कर्मकर्तरी प्रयोग. मुलांना मी शिकवायचे की यात 'कडून' येतं आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. कर्ता वाक्यात असतो, पण वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलासारखा. शब्द आपोआप बोलले गेले, मी आपली जवळ उभी होते. नाही. कर्ता पुढे येईल असं साधं वाक्य हवं. मी बोलले. मी लिहिलं.

शेवटी जो निरोप गेला तो जसाच्या तसा देते, फक्त नाव गाळून.

'आज संक्रांत. दिवाळीआधी धान्य भिजलं तेव्हा मी तुला तुझ्या मुलासमोर टाकून बोलले आणि नंतर ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं. पाणी पडलं तो अपघात होता. ग्रुपवर लिहिलं तो अपघात नव्हता, मी विचार करून लिहिलं होतं आणि ते चूक होतं. तिळाच्या वड्या केल्यात. डबा वर पाठवू, की तू येशील? घाई नाही, रथसप्तमीपर्यंत वड्या टिकतात. काकू.'

यात तिच्या 'ही शाळा नाहीये' या वाक्याचा उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. टाइप केलेला होता तो, 'तूही बोललीस, पण असो.' मग खोडला. आपली चूक सांगताना शेजारी दुसऱ्याची चूक मांडून ठेवली की तो व्यवहार होतो, इतके तुझे इतके माझे.

आणि रथसप्तमीचा उल्लेख मुद्दाम आहे. संक्रांतीची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. तिळगूळ एका दिवसात द्यायचा नसतो, रथसप्तमीपर्यंत चालतो. संक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून १४ किंवा १५ जानेवारीला येते. रथसप्तमी तिथीवर, माघ शुद्ध सप्तमीला, म्हणून ती मागेपुढे होते. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर सवड. २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, तीन आठवडे. रागावलेल्या माणसाला उत्तर द्यायला मुदत लागते, आणि ती मुदत पंचांगातच लिहून ठेवलेली असली की कुणी कुणाची वाट पाहतंय असं दिसत नाही.

निरोप गेला पावणेअकराला. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

तो दिवस लांब गेला. संध्याकाळी दोन-तीन घरची मुलं तिळगूळ घेऊन आली, प्रत्येक वेळी बेल वाजली की मी जरा लगबगीने उठत होते. दुसरा दिवस किंक्रांतीचा. त्या दिवशी काही चांगलं सुरू करू नये म्हणतात, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पुन्हा निरोप पाठवावासा फार वाटला, 'मिळाला का?' असा. निळ्या खुणा दिसत असताना 'मिळाला का' विचारणं म्हणजे तगादा. वड्यांचा डबा झाकून ठेवला आणि फोन दुसऱ्या खोलीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'काकू, वड्या पाठवा. मीही लाडू केलेत पण पाक पुढे गेला, दात सांभाळा.'

मी हसले आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. लाडवांना चिक्कीचा गूळ घेतात, आणि त्याचा पाक थेंबभर पाण्यात टाकून बघायचा असतो. गोळी जमली की लगेच उतरवायचा. क्षणभर उशीर झाला की लाडवाचा दगड होतो. मी वड्यांना साधा गूळ घेते, दोन वाट्या तिळाला वाटीभर दाण्याचं कूट आणि दीड वाटीहून थोडा जास्त गूळ, नुसता विरघळून बुडबुडे आले की पुरे. पण तिने 'पाक पुढे गेला' लिहिलं ते फक्त लाडवाबद्दल होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. तिनेही आपला वाटा सांगितला असं मी समजते.

संध्याकाळी मुलगा आला, हातात स्टीलचा डबा. साठ वर्षांपूर्वीची मीच दारात उभी आहे असं वाटलं. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, कुठला धडा राहिलाय माझा?" जवळजवळ तीन महिन्यांचे राहिले होते.

नंतर ती हळदीकुंकवाला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "काकू, त्या दिवशी मी वरून हाक मारली होती, पाणी सोडतेय म्हणून." आणि मला आठवलं, माझा मिक्सर चालू होता. मी तिला तोवर विचारलंच नव्हतं. ग्रुपवर लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला असता तर?

ग्रुपचं कामही राहिलं होतं. बोललेलं चार भिंतींत मिटतं, पण जे सगळ्यांनी वाचलं ते सगळ्यांपुढेच पुसायला हवं, असं माझं मत आहे. मात्र ते तिला विचारून. कुणाकुणाला पुन्हा तो विषय नको असतो. ती म्हणाली, "एका ओळीत लिहा." मी लिहिलं, 'ऑक्टोबरमध्ये गॅलरीच्या पाण्याबद्दल मी इथे लिहिलं होतं, ते लिहायला नको होतं. आधी घरी विचारायला हवं होतं.' या वेळी तीनच अंगठे आले.

आता मर्यादा. तिळगुळाने मन जोडलं गेलं, पन्हळ जोडली गेली नाही. तिच्या गॅलरीचं पाणी बाहेर काढणारी नळी आखूड आहे, भिंतीपासून वीतभर बाहेर येते आणि वारा असला की पाणी थेट माझ्या कठड्यावर. हे भांडण त्या नळीने लावलं होतं, आणि नळी तशीच राहिली असती तर पुढच्या दिवाळीला पुन्हा लावलं असतं. फेब्रुवारीत प्लंबर बोलावून ती खालच्या मोठ्या नळाला जोडून घेतली. खर्च निम्मा-निम्मा. मी सगळा द्यायला निघाले होते, तिने घेतला नाही, आणि ते बरोबर केलं. उपकाराचं ओझं घेऊन शेजार चालत नाही.

आणि सगळीच भांडणं अशी मिटवावीत असंही मी म्हणत नाही. कुणी हात उगारला असेल, पैसे बुडवले असतील, कुणाच्या भीतीने दार लावून बसावं लागत असेल, तर तिथे वडी पाठवून 'गोड बोला' म्हणणं म्हणजे ज्याने सोसलं त्यालाच आणखी सोसायला सांगणं. तिळगूळ बरोबरीच्या माणसांसाठी आहे, जिथे दोघांनाही एकमेकांशिवाय करमत नाही आणि फक्त पहिलं पाऊल कुणी टाकायचं एवढंच अडलेलं आहे.

त्या पहिल्या पावलाबद्दल माझं मत आता बदललंय. लहानांनी मोठ्यांकडे यायचं, ही रीत नमस्काराची आहे. चुकीची नाही. चूक ज्याची त्याने जायचं, आणि वयाने मोठं असलं तर थोडं आधीच निघायचं, कारण आपल्याकडे वेळ कमी असतो.

माझी किल्ली अजून तिच्याच खिळ्याला आहे. भांडणाच्या काळातही तिने ती काढली नव्हती. मी वॉचमनच्या खुर्चीत कुडकुडत होते, तेव्हाही ती तिथेच होती.

असो. वड्या झाल्या आहेत, डबा भरते. या संक्रांतीला तुमच्या फोनमध्येही एखादं नाव असेल, ज्याला नुसतं चित्र पाठवून भागणार नाही. चित्र बाकीच्यांना पाठवा. त्या एकाला नाव घालून लिहा, आणि 'तर' गाळा.